धागा : कुणालाच न जाणवलेला भूकंप झांग हेंगच्या भांड्याला कसा कळला असेल?

निशिगंध
सध्या चीनच्या हान काळाविषयी वाचन चालू आहे. त्यात झांग हेंगचं भूकंपदर्शक भांडं आलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. इ. स. 132, राजधानी लुओयांग. काशाचं, साधारण पावणेदोन-दोन मीटर व्यासाचं, घुमटासारखं झाकण असलेलं भांडं. बाहेरून आठ दिशांना आठ ड्रॅगन, प्रत्येकाच्या जबड्यात काशाचा गोळा आणि खाली आ वासून बसलेला बेडूक. आत मधोमध एक खांब, त्याच्यापासून आठ दिशांना जाणाऱ्या वाटा आणि कळ. भूकंप झाला की एकच ड्रॅगन गोळा सोडतो, बाकीचे सात हलत नाहीत. कोणता सुटला त्यावरून दिशा कळते.

पुढची गोष्ट अशी : एकदा एक गोळा पडला, पण शहरात कुणालाच काही जाणवलं नाही. विद्वानांनी नवल केलं, शंका घेतल्या. काही दिवसांनी टपालाचा स्वार आला, लोंगशीला भूकंप झाला म्हणून. लोंगशी म्हणजे आजच्या गान्सू प्रांतातला भाग, लुओयांगपासून सहाशे-सातशे किलोमीटर.

माझे प्रश्न दोन. माणसाच्या पायाला न कळलेली हालचाल काशाच्या जड वस्तूला कळते कशी? आणि आठांतला एकच गोळा कसा पडतो? मूळ भांडं उरलेलं नाही, त्यामुळे "असं असू शकेल" एवढंच म्हणता येईल हे मान्य. पण जे असू शकेल ते नीट समजून घ्यायचं आहे.

वाऱ्याची_वाट
सोपं आहे. भूकंपाची पहिली लहर ढकलणारी असते आणि ती सरळ केंद्राकडून येते. जमीन पुढे सरकते, खांब जडत्वामुळे मागे राहतो, म्हणजे केंद्राच्या बाजूला कलतो. त्या बाजूचा गोळा पडतो. शाळेत असंच शिकवलं होतं.

मुक्काम_पोस्ट_पाटण
असं यंत्र होतं तर आमच्याकडे का बसवत नाहीत? कोयनेच्या पट्ट्यात आम्ही लहानपणापासून धक्के खातोय. आधी दोन मिनिटं कळलं तरी म्हातारी माणसं बाहेर काढता येतील. 1967 च्या डिसेंबरात माझे आजोबा पहाटे घराबाहेर आले म्हणून वाचले, तेही म्हशी ओरडल्या म्हणून.

निशिगंध
@पाटण, हे भांडं भूकंप होण्याआधी सांगत नव्हतं हो. दूर कुठेतरी होऊन गेलेला भूकंप, त्याची लहर पोचल्यावर, एवढंच. पण म्हशींचं सविस्तर लिहा कधीतरी.

शंकासूर
माझं स्पष्ट मत : यातलं निम्मं दंतकथा आहे. हे वर्णन येतं फान येच्या इतिहासात, आणि तो पाचव्या शतकातला माणूस. झांग हेंग 139 मध्ये गेला. मध्ये तीनशे वर्षं. मूळ मजकूर जेमतेम 196 अक्षरांचा. नाव घेऊन सांगितलेली घटना एकच. एका घटनेवर आपण यंत्राची अचूकता ठरवणार?

भूलहरी
चांगला धागा. माझी नोकरी भूकंप वेधशाळेत झाली, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी खांबाचं. 1951 मध्ये वांग झेनदुओ यांनी एक प्रतिकृती केली. प्रदर्शनांत आणि पुस्तकांत दिसते ती बहुतेक तीच. तिच्यात खांब खाली टेकून उभा असतो आणि धक्का बसला की कलंडून एका वाटेत पडतो. दिसायला पटण्यासारखं. पण गणित करून बघा. उभी वस्तू कलायला लागते ती तळाची रुंदी आणि उंची यांच्या प्रमाणात. माणसाला गुरुत्वाच्या सुमारे हजाराव्या भागाएवढं प्रवेग असलं तर हालचाल जेमतेम जाणवते. त्याहून बारीक हालचाल दोन मीटरच्या खांबाला कळायची तर त्याचा तळ दोन मिलिमीटरपेक्षा कमी हवा. दोन मीटरचा काशाचा खांब आणि तळ दोन मिलिमीटर! तो उभाच राहणार नाही. राहिलाच तर शेजारून कुणी चाललं तरी पडेल. तळ रुंद केला की खांब उभा राहतो, पण मग त्याला जे कळेल ते माणसाला आधीच कळलेलं असेल. म्हणजे लोंगशीची गोष्ट या रचनेत बसत नाही. ही प्रतिकृती काम करत नाही अशी टीका झाली ती याच कारणानं.

आता तोच खांब वरून टांगा. तो लोलक होतो आणि चित्र पालटतं. कसं ते रात्री लिहितो, नातीला क्लासहून आणायचंय.

तांबट_आळी
भूलहरी काका येईपर्यंत धातूकामातल्या माणसाचे दोन शब्द. गोळा पाडायचं बळ भूकंपाकडून आलं पाहिजे असं सगळे धरून चाललेत. तशी गरज नाही. गोळा आधीच उंचावर आहे, पडायला टपलेला आहे. त्याला फक्त अडवून धरलेलं असतं. अडवणारी कड बारीक असली की केसभर धक्का पुरतो. अशा कामात सगळी कसोटी कडेची असते. कड जरा जास्त ठेवली तर गोळा हलत नाही, जरा कमी ठेवली तर दार लावलं तरी पडतो. शिवाय काशावर हवेनं जो थर धरतो तो घर्षण वाढवतो. म्हणजे कुणीतरी नेमानं त्या जागा पुसत, घासत असणार. यंत्र बसवून विसरून जायचं हे काम नव्हे.

गिरगावची_लेक
2001 चा भुजचा भूकंप आठवतोय कुणाला? 26 जानेवारी, सकाळी पावणेनऊ. मी तेव्हा दादरला मामाकडे, सातव्या मजल्यावर. टीव्हीवर संचलन लावलेलं. मामींच्या हॉलमध्ये लांब साखळीचं काचेचं झुंबर होतं, ते हलायला लागलं. आधी वाटलं वारा. मग ते थांबेचना, वाढतच गेलं, आणि माझं डोकं गरगरलं. धक्का असा एकही नाही, नुसतं समुद्रावर असल्यासारखं. आम्ही जिन्यानं धावत खाली आलो तर वॉचमनना काही पत्ताच नाही! तळमजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, काय झालं, आग लागली का?

मला वाटतं मामींचं झुंबर आणि लुओयांगचं भांडं एकच काम करत होते.

भूलहरी
@गिरगावची_लेक, ताई, माझं अर्धं काम तुम्ही केलंत. भुजचं केंद्र मुंबईपासून साधारण साडेपाचशे किलोमीटर. लोंगशी-लुओयांगच्या जवळपासचंच अंतर. तेव्हा तुमचंच उदाहरण पुढे नेतो.

भूकंपातून बारीक, झपाट्याच्या आणि लांब, संथ अशा सगळ्या लहरी निघतात. झपाट्याच्या लहरी खडकात लवकर विरतात. पाटणकरांना घरात जो खडखडाट ऐकू येतो तो या लहरींचा, कारण ते केंद्राच्या उशाशी आहेत. पाचशे-सातशे किलोमीटरवर पोचतात त्या मुख्यतः संथ लहरी, जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या. वेग सेकंदाला साधारण तीन किलोमीटर, म्हणजे लोंगशीहून लुओयांगला यायला चारेक मिनिटं.

समजा जमीन एक मिलिमीटर इकडे, एक मिलिमीटर तिकडे अशी हलतेय आणि एका हेलकाव्याला तीन सेकंद लागताहेत. सातच्या आसपासच्या भूकंपाला इतक्या अंतरावर हे शक्य आहे. याचा प्रवेग गुरुत्वाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका येतो. तळमजल्यावर उभ्या माणसाला हे कळत नाही.

पण दोन मीटर लांबीच्या लोलकाचा स्वतःचा हेलकावा किती? सुमारे 2.8 सेकंद. जमिनीची लय आणि लोलकाची लय जवळजवळ जुळली. झोपाळ्याला लयीत पाय मारला की प्रत्येक वेळी झोका वाढतो, तसं. घर्षण नसेल तर दर हेलकाव्याला लोलकाची झेप जमिनीच्या झेपेच्या साधारण तिप्पट वाढते. तीन हेलकावे झाले की नऊ-दहा मिलिमीटर. घर्षण धरून सहा-सात म्हणा. एका मिलिमीटरचे सहा-सात झाले, आणि एवढ्यात तांबटांची कड सहज ओलांडता येते.

शिवाय गाडी गेली, दार आपटलं, कुणी धावलं, तर त्याचे हादरे सेकंदाला दहा-वीस वेळा येणारे. लांब लोलक त्यांना दाद देत नाही, जागीच राहतो. उभ्या खांबाचं नेमकं उलट होतं. म्हणून निशिगंध, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हे : जड वस्तू टांगलेली असेल आणि लय जुळली, तर तिला जे कळतं ते पायाला कळत नाही.

रानपाखरू
आणि लुओयांग नदीच्या गाळावर वसलेलं. गाळाचा थर संथ लहरी आणखी वाढवतो ना? भुजच्या वेळी अहमदाबादला इतक्या लांब उंच इमारती पडल्या त्याचं एक कारण साबरमतीचा गाळ असं वाचलंय.

भूलहरी
हो, गाळाचा हात असतोच. पण अहमदाबादच्या इमारतींत बांधकामाचे दोषही होते. सगळं नदीवर ढकलू नका.

टिंब
मला एक सांगा, रात्री गोळा पडला आणि पहारेकरी घोरत असला तर? 😄

तांबट_आळी
तर सकाळी गोळा बेडकाच्या तोंडात सापडेल. बेडकाचं तेच तर काम! आवाज जाग्या माणसासाठी आणि पडलेला गोळा झोपलेल्यासाठी. फक्त वेळ कळणार नाही. आणि गोळा परत वर ठेवेपर्यंत दुसरा भूकंप आला तर काय, हाही प्रश्न आहेच.

तर्कट
आता खरी अडचण. भूलहरी, तुमचा लोलक मला पटला, पण तुम्ही निशिगंध यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता देता दुसऱ्याची वाट बंद केलीत. हेलकावे साठवून झेप वाढवायची म्हटलं की लोलक दोन्ही बाजूंना सारखाच जातो. पूर्वेचा गोळा आधी पडेल की पश्चिमेचा, हे कड कुठे केसभर कमी आहे यावर ठरेल.

@वाऱ्याची_वाट, पहिल्या लहरीचं तुमचं म्हणणं अर्धंच धरता येतं. ती लहर केंद्राच्या रेषेत हलवते हे खरं. पण ती दर वेळी ढकलतेच असं नाही. भूकंपाच्या फटीची कोणती बाजू कुठे सरकली त्यावरून काही दिशांना ढकलते, काही दिशांना ओढते. म्हणजे लुओयांगला पहिली हालचाल पूर्वेकडे होईल की पश्चिमेकडे हे नक्की नाही. आणि सातशे किलोमीटरवर ती इतकी क्षीण असते की तिनं गोळा पडणं अवघड. ज्या लहरी खरोखर जोरात येतात त्यातल्या काही तर केंद्राच्या रेषेला आडव्या हलवतात. तसं झालं तर भूकंप पश्चिमेला आणि गोळा उत्तरेचा!

वाऱ्याची_वाट
पण मग ग्रंथात पश्चिमेचा गोळा पडल्याचं आहे त्याचं काय?

शंकासूर
तसं ग्रंथात नाही! मजकूर पुन्हा वाचा. "एकदा एका ड्रॅगनची कळ सुटली, पण जमीन हललेली जाणवली नाही" इतकंच आहे. कोणता ड्रॅगन ते दिलेलं नाही. दिशा कळते हे यंत्राच्या सर्वसाधारण वर्णनात येतं, लोंगशीच्या घटनेत नाही. पश्चिमेचा गोळा हा नंतरच्या सांगणाऱ्यांनी भरलेला तपशील. शेवटी असं आहे की यानंतर भूकंप कोणत्या दिशेला झाला याची नोंद ठेवायचा हुकूम इतिहासलेखकांना झाला. त्या नोंदी हाती असत्या तर वादच मिटला असता.

निशिगंध
हे माझ्या नजरेतून निसटलं होतं. पाहिलं, शंकासूर म्हणतात तसंच आहे. म्हणजे पुरावा "दूरचा भूकंप कळला" याचा आहे. "दिशा बरोबर निघाली" याचा त्या घटनेत नाही.

शंकासूर
आणि पहिल्याचाही पुरावा एकाच घटनेचा. ज्या वेळी गोळा उगाच पडला आणि कुठूनच स्वार आला नाही, त्या वेळची गोष्ट कोण लिहून ठेवणार?

मीनाक्षी_के
इथे एक दरबारी बाजूही आहे. त्या काळी भूकंप म्हणजे राज्यकारभारावर आकाशाची नाराजी, अशी समजूत होती. आपत्ती आली की मोठ्या मंत्र्यांची पदं जायची. झांग हेंग दरबारचा ज्योतिर्विद, शुभाशुभ चिन्हांची नोंद ठेवणं त्याचं कामच. दूरच्या प्रांतातली वाईट बातमी स्वार येण्याआधी राजधानीत कळणं ही त्याच्या वरिष्ठांसाठी केवढी नाजूक गोष्ट असेल! त्यामुळे उगाच पडलेला गोळा कुणी सहज विसरून गेलं असतं असं मला वाटत नाही. तो पडला की कुणाच्या तरी खुर्चीवर बेतायचं.

शंकासूर
हा मुद्दा दमदार आहे. विचार करतो.

भूलहरी
तर्कट यांचा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याला पुरेसं उत्तर माझ्याकडे नाही. पण "एकच गोळा" याबद्दल सांगण्यासारखं आहे. 2005 च्या सुमारास फंग रुई यांच्या गटानं टांगत्या खांबाची प्रतिकृती केली. त्यात खांबाच्या टोकाखाली मधोमध एक लहान गोळी ठेवलेली असते. खांब झुलला की ती एका वाटेत ढकलली जाते, घरंगळत टोकाला पोचते आणि तिथली कळ सोडवते. गोळी एकच, म्हणून वाट एकच आणि ड्रॅगनही एकच. बाकी सात वाटांत जायला काही उरतच नाही. खऱ्या भूकंपांच्या नोंदी घेऊन, तांगशानच्या आणि व्हिएतनामच्याही, खालचं टेबल तसंच हलवून त्यांनी ते तपासलं आणि गोळा पडला.

म्हणजे असं यंत्र बनू शकतं. झांग हेंगनं असंच बनवलं होतं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. 196 अक्षरांत ती लहान गोळी कुठेही नाही.

तांबट_आळी
ही रचना मला कारागीर म्हणून पटते. खांबाकडून कळीपर्यंत आठ दांडे जोडले असते तर त्यांचं घर्षणच लोलकाला थांबवून टाकतं. सुटी गोळी लोलकाचं काहीच अडवत नाही.

रानपाखरू
थोडं अवांतर. युरोपातही असं एक यंत्र होतं ना? पारा भरलेलं भांडं, कडेला आठ खाचा. हादरा आला की पारा ज्या खाचेतून सांडेल ती दिशा.

भूलहरी
हो, फ्रान्सच्या ओतफय यांनी 1703 मध्ये ती कल्पना मांडली. तिथेही दिशेची हीच अडचण. पारा दोन्हीकडे हिंदकळतो.

अवांतरच चाललंय तर आपल्याकडचा धागाही सांगतो. जॉन मिल्न हे इंग्रज शास्त्रज्ञ जपानमध्ये असताना त्यांनी 1880 च्या दशकातल्या आपल्या पुस्तकात या चिनी भांड्याची दखल घेतली आणि आत टांगता लोलक असावा असं धरलं. पुढे त्यांनी स्वतःचं भूकंपमापक बनवलं, तेही लोलकाचंच, पण आडव्या. आणि ते यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत बसलं. त्यात दिशा पहिल्या गोळ्यावर सोडलेली नव्हती. कागद सतत सरकत राहायचा आणि सगळी हालचाल ओळीनं उमटायची. पहिला झटका कुठे, नंतरचे कुठे, हे वेगळं काढता आलं ते त्यामुळे. झांग हेंगच्या भांड्याला एकदाच बोलता येत होतं.

गिरगावची_लेक
मग आमचं झुंबर ज्या दिशेला हलत होतं ती भुजची दिशा धरायची की नाही? मामा आजही ठामपणे सांगतात, वायव्येलाच झुलत होतं.

तर्कट
ताई, सातव्या मजल्यावर तर आणखी घोळ. इमारत स्वतः तिच्या अरुंद बाजूनं जास्त डोलते. झुंबराला भुजची दिशा कळली की इमारतीची आखूड बाजू, हे मामांना विचारा. इमारतीचं तोंड कुणीकडे आहे?

गिरगावची_लेक
विचारलं. म्हणतात, आखूड बाजू जवळपास त्याच दिशेला आहे. झालं, आता घरात नवा वाद.

मुक्काम_पोस्ट_पाटण
सगळं वाचलं. आमचा अनुभव भूलहरी म्हणतात तसाच आहे. इथे धक्का आला की भांडी वाजतात, पत्रे वाजतात, दोन-तीन सेकंदांत संपतं. देवघरातला टांगलेला लामणदिवा मात्र मी कधी झुलताना पाहिला नाही. आता मला स्वतः करून बघायचंय. माळ्याच्या तुळईला दोन लोलक टांगतो, एक अर्ध्या मीटरचा, एक दोन मीटरचा. खाली काय ठेवू?

भूलहरी
उत्तम कल्पना. लोलकाच्या टोकाला बारीक सुई लावा आणि खाली ताटात रांगोळीचा पातळ थर पसरा. सुई थराला टेकेल इतकीच ठेवा, रुतली तर घर्षण वाढेल. सरळ रेघ उमटली तर दिशेबद्दल काही बोलता येईल. अंडाकृती वळसे उमटले तर तर्कट यांचं म्हणणं समोरच दिसेल. दूरच्या एखाद्या मोठ्या भूकंपाची बातमी आली की दोन्ही ताटं बघा आणि लांब लोलकाखालची रेघ वेगळी आहे का ते लिहा.

तर्कट
तुळई घराचीच आहे, तीही डोलेल. शक्य असेल तर जमिनीत पुरलेल्या लाकडी चौकटीला टांगा. आणि माळ्यावरचे उंदीर, वारा यांचा बंदोबस्त करा.

तांबट_आळी
दोरी सुताची घेऊ नका. पावसाळी हवेत तिचा पीळ सुटतो, लोलक स्वतःच फिरायला लागतो आणि दिशा खोटी दाखवतो. एकेरी पोलादी तार घ्या, वरचं टोक आकड्यात अडकवू नका, दोन पट्ट्यांत घट्ट आवळा. वजन पितळेचं हवं असेल तर सांगा, माझ्याकडे दीड किलोचे दोन ओळंबे पडून आहेत.

मुक्काम_पोस्ट_पाटण
हवेत. पत्ता कळवतो.